भर उन्हात लाइट गेली की सोलर का थांबतं?

प्रश्न: आमच्या गच्चीवर तीन महिन्यांपूर्वी ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. काल दुपारी कडक ऊन होतं आणि लाइट गेली, तर घरातला एक पंखासुद्धा फिरेना. इन्व्हर्टर तर दिलाय! बसवणाऱ्याने फसवलं का? आता बॅटरी लावली तर चालेल का, आणि किती वेळ चालेल?

उत्तर:

नाही, फसवलेलं नाही. मी सांगलीत सोलर बसवण्याचं काम करतो आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकायला मिळतो. घोळ ‘इन्व्हर्टर’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की जिन्याखाली बॅटरी आणि वर डबा, लाइट गेली की आपोआप चालू होणारा, हेच डोळ्यांपुढे येतं. तुमच्याकडे आहे तो ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. नाव तेच, पण काम वेगळं.

पॅनेलमधून डीसी वीज येते आणि ती उन्हाबरोबर सतत कमी-जास्त होते. घरातली उपकरणं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसीवर चालतात. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ही एसी स्वतःच्या तालावर बनवत नाही. तो आधी महावितरणच्या लाइनचा ताल ऐकतो आणि त्यात आपली वीज मिसळतो. दुसरं म्हणजे, लाइन त्याचा टेकूही असते. ढग आला आणि वीज कमी पडली तर उरलेली लाइनमधून येते, घरात वापर कमी असेल तर जास्तीची लाइनमध्ये जाते. लाइन गेली की ताल गेला आणि टेकूही गेला.

तरीही तो मुद्दाम बंद पाडावा लागतो, याचं कारण वायरमन. समजा लाइट गेली म्हणून तो डीपीवर चढलाय, वरचा पुरवठा बंद आहे आणि तुमचं सोलर मात्र लाइनमध्ये वीज ढकलतंय. ती वीज डीपीत उलटी शिरते आणि ११ हजार व्होल्ट होऊन बाहेर पडते. मेलेली समजून त्याने धरलेली तार जिवंत असते. म्हणून लाइन गेल्याचं कळताच इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत थांबायचं, असा नियम आहे. लाइट गेल्यावर स्क्रीनवर `No Utility` किंवा `Grid Lost` असं काहीतरी दिसतं. लाइट आल्यावर तो लगेच सुरू होत नाही, मिनिटभर किंवा जास्त वेळ लाइन स्थिर आहे का ते बघतो. हे सगळं होत असेल तर तुमचा इन्व्हर्टर अगदी ठणठणीत आहे.

बॅटरीकडे जाण्याआधी तुमचं सोलर देतं किती ते बघू. आमच्या घरी ५४० वॅटची ६ पॅनेल आहेत, म्हणजे कागदावर ३.२४ किलोवॅट. मे महिन्यात ऐन दुपारी इन्व्हर्टरवर आकडा दिसतो साधारण अडीच किलोवॅट. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंश तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेली. बाकीचं धूळ, वायर आणि इन्व्हर्टर खातात. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त वीज मे महिन्यात होत नाही. मार्चमध्ये दिवसाला १४-१५ युनिट मिळतात, डिसेंबरात १२ आणि जुलैच्या झडीत ६-७. वर्षाची सरासरी धरायची तर १ किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट हा हिशेब आपल्या भागात चालतो.

आता हे १२-१३ युनिट येतात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात, आणि घरातला बराचसा वापर असतो संध्याकाळनंतर. तरी तुमचं बिल कमी होतं ते नेट मीटरमुळे. दुपारी तुम्ही ९ युनिट लाइनमध्ये दिलेत आणि रात्री ६ घेतलेत, तर हिशेबात ६ वजा होतात आणि ३ जमा राहतात. म्हणूनच बिलासाठी बॅटरी घेऊ नका, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. बॅटरीत घातलेल्या १० युनिटांतले एक-दीड वाटेत उष्णता होऊन जातात, शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. बॅटरी घ्यायची ती लाइट जाते म्हणूनच.

त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. लाइट गेली की तो आधी आपला लाइनशी असलेला संबंध तोडतो, म्हणजे वायरमन सुरक्षित. मग स्वतः ५० हर्ट्झचा ताल धरतो आणि लाइनचा टेकू होता त्या जागी बॅटरी येते. ऊन असेल तर घर सोलरवर चालतं आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. बॅटरी भरली की तो पॅनेलकडून कमी वीज ओढतो, बस.

किती वेळ चालेल? ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी धरा. गुणाकार केला की ५,१२० वॅट-अवर, म्हणजे ५.१२ युनिट. ती पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून हातात ४ युनिट. तीन साधे पंखे २२५ वॅट, सहा एलईडी ५४, फ्रिज सरासरी ५५, वायफाय १०. यात हायब्रिडचं स्वतःचं खाणं सुमारे ४५ वॅट, आणि हे कुणी सांगत नाही. बेरीज ३९० वॅट, म्हणजे साधारण दहा तास. त्याच बॅटरीवर २ किलोवॅटचा गीझर लावला तर दोन तासांत खेळ संपतो. एक एचपीची मोटार चालताना साधारण हजार वॅट घेते, पण सुरू होताना चार-पाच पट करंट ओढते आणि लहान हायब्रिड तिथेच ट्रिप होतो. म्हणून हायब्रिडच्या बॅकअप आउटपुटवर वेगळा डीबी म्हणजे वितरण बोर्ड काढून त्यावर फक्त पंखे, दिवे, फ्रिज घ्या. गीझर, एसी, मोटार मेन लाइनवरच राहू द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जिन्याखालच्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर हे सोलर जोडून फसवायचं, अशी युक्ती काही इलेक्ट्रिशियन सुचवतात. माझ्या एका नातेवाइकाकडे हे केलं होतं. सोलरला ताल मिळाला, ते सुरू झालं, पण घरात वापर होता २०० वॅट आणि वरून येत होते दोन हजार. जास्तीची वीज जुन्या इन्व्हर्टरमध्ये उलटी घुसली आणि त्याचं कार्ड जळालं. जनरेटरवर जोडलं तरी तीच गत.

तुमच्याकडे दोन मार्ग आहेत. एक, आहे तो इन्व्हर्टर काढून हायब्रिड लावणं. दुसरा, तो ठेवून शेजारी वेगळा बॅटरी इन्व्हर्टर बसवणं. हा मात्र असा हवा की बॅटरी भरल्यावर ५० हर्ट्झचा ताल किंचित वाढवून सोलरला हात आखडायला लावेल, आणि तुमचा ऑन-ग्रिड तो इशारा ओळखेल. दोन्हींचा मेळ बसतो का, ते बनवणाऱ्यांकडून लेखी घ्या. कुठलाही मार्ग घेतलात तरी नेट मीटरची मंजुरी जुन्या इन्व्हर्टरवर झालेली असते, म्हणून बदल करण्याआधी महावितरणच्या ऑफिसात कळवा.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी भर दुपारी मेन स्विच पाडून पाहा. बॅकअपचे पंखे न थांबता फिरत राहिले पाहिजेत, इन्व्हर्टरवर सोलरचा आकडा शून्य व्हायला नको, आणि इलेक्ट्रिशियनकडून मेन स्विचच्या लाइनकडच्या टोकाला नव्हे, घराकडच्या टोकाला व्होल्टेज तपासून घ्या. तिथे काहीही दिसता कामा नये.