पडून राहिलेले बूट आणि सेलची वाट बघणारं गिऱ्हाईक

*"माझं पादत्राणांचं दुकान आहे. बुटांचे 300 जोड आठ महिन्यांपासून पडून आहेत. खरेदी 60 धरली तर लेबल 100चं आहे. महिन्याला जेमतेम 12 जोड जातात. सरळ 50 टक्के सूट लावून मोकळं व्हावं असं वाटतं. पण गेली दोन वर्षं ठरलेल्या वेळी सेल लावतो आणि आता लोक दुकानात येऊन 'सेल कधी?' एवढंच विचारून जातात. किती खाली जाऊ?"*

50 टक्क्यांवर जाऊ नका. 30 टक्क्यांपर्यंत जा, पण तेही फक्त याच 300 जोडांवर आणि नेहमीच्या सेलच्या वेळी नाही. हे कसं ठरलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी हिशोब तुम्हीच मांडाल.

पहिली अडचण त्या 60च्या आकड्याची आहे. "खरेदीच्या खाली विकणार नाही" असं बहुतेक दुकानदार म्हणतात, आणि माल आणखी वर्षभर पडून राहतो. ते 60 केव्हाच गेले. हिशेबशास्त्राचा नियमही हेच सांगतो: शिल्लक मालाची किंमत खरेदी किंवा प्रत्यक्ष हाती येऊ शकणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती धरायची. त्यामुळे आज प्रश्न एवढाच उरतो, की हा माल थांबून जास्त पैसे देईल की आत्ता विकून.

थांबलात तर काय होईल? महिन्याला 12 जोड या वेगाने 200 जोड जायला सतरा महिने लागतील. उरलेले 100 पूर्ण भावात जाणारच नाहीत, कारण तोपर्यंत मधली मापं संपलेली असतील आणि फक्त टोकाची, अगदी लहान आणि अगदी मोठी मापं उरतील. ती लॉटमध्ये 10ने गेली असं धरू. म्हणजे 20,000 अधिक 1,000, एकूण 21,000. पण ते येणार तुकड्यातुकड्याने, दीड वर्षभर.

आता 30 टक्के सूट. 70च्या भावाने 240 जोड चार महिन्यांत गेले आणि उरलेले 60 लॉटवाल्याला 25ने दिले, तर 16,800 अधिक 1,500, म्हणजे 18,300 हाती येतात. थांबण्यापेक्षा 2,700 कमी. मात्र हा पैसा सरासरी सहा महिने आधी मोकळा होतो. तुमचा चालता माल साधारण तीन महिन्यांत एक फेरा करत असेल आणि सगळा खर्च वजा जाता फेऱ्याला 10 टक्के उरत असतील, तर सहा महिन्यांत दोन फेरे, म्हणजे ढोबळमानाने 3,660. 2,700 गमावून 3,660 मिळाले, फायदा 960.

इथे एक अट आहे. हा फायदा तेव्हाच खरा, जेव्हा पैशाअभावी तुम्ही चालता माल कमी भरताय. पैसा सुटून नुसता खात्यात पडणार असेल, तर दोन फेऱ्यांचं गणित धरू नका, फक्त व्याज धरा. मग एवढी सूटही परवडत नाही.

50 टक्क्यांचं काय? सगळेच्या सगळे 300 जोड गेले तरी 15,000. म्हणजे 30 टक्क्यांच्या मानाने 3,300 कमी, आणि त्या बदल्यात वाचले फार तर दोन महिने. एका फेऱ्याचासुद्धा नफा त्यातून निघत नाही. हा पर्याय इथेच सोडून देऊ.

खरी मेख त्या 960मध्ये आहे. सवलतीतला जोड नेणारं गिऱ्हाईक जर तुमचंच नेहमीचं असेल आणि ते एरवी नवा जोड पूर्ण भावात नेणार असेल, तर नव्या जोडावरचे 40 गेले. 960ला 40ने भागा: 24. म्हणजे 240 पैकी 24 जण, दहात एक, असे निघाले की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी सवलतीच्या टक्क्यांपेक्षा ती कोणाच्या हाती पडते याकडे जास्त बघतो. दारावर "संपूर्ण दुकानात 30 टक्के" असा फलक लावला की दहात एक हे प्रमाण पहिल्याच दिवशी ओलांडलं जातं.

तेव्हा हे जोड मागच्या एका रॅकवर वेगळे लावा. पाटीवर कारण लिहा: "हे डिझाइन बंद झालंय, मापं मोजकी आहेत." आणि ते खरंच बंद करा. सहा महिन्यांनी तोच बूट पुन्हा पूर्ण भावात मांडलात, तर 70 हीच त्याची किंमत लोकांच्या डोक्यात बसलेली असेल. चालत्या डिझाइनला हात लावायचा नाही, अगदी एखाद्या मापाचे चार जोड अडकले असले तरी.

भाव एकदाच उतरवा. 20, मग 35, मग 50 अशी उतरंड गिऱ्हाइकाने एकदा पाहिली की पुढच्या वेळी ते 20ला हात लावत नाही. थांबलं की स्वस्त मिळतं हा धडा त्याला आपणच देतो. म्हणून शेवटचे 60 जोड रॅकवर आणखी उतरवण्याऐवजी मी परस्पर लॉटवाल्याकडे धाडले. 25 खटकतील, पण ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाहीत.

सवय लागली आहे का, हे बिलांवरून कळतं. गेल्या दोन वर्षांची आठवड्यावार विक्री काढा, पण फक्त पूर्ण भावात गेलेल्या मालाची. सेल*नंतरचे* तीन-चार आठवडे पडले असतील तर लोकांनी पुढची खरेदी आधी उरकली, एवढंच. सेल*आधीचे* आठवडे पडले असतील तर लोक थांबायला लागले आहेत. तुमच्या प्रश्नातलं "सेल कधी?" ऐकून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. बिलावर फोन नंबर घेत असाल तर आणखी एक करा: सवलतीत नेणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या वर्षात पूर्ण भावाने खरेदी केली होती, ते मोजा. दहात एक ही मर्यादा त्यावरूनच तपासता येईल.

यावर चिडून सेल एका झटक्यात बंद करू नका. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीने 2012 मध्ये कूपनं आणि वारंवारचे सेल काढून टाकले, रोजचे भावच कमी ठेवले, आणि त्या वर्षात त्यांची विक्री जवळपास पाव भागाने घटली. सवलतीवर वाढलेलं गिऱ्हाईक नुसत्या कमी भावाला भुललं नाही. तुम्ही तारीख मोडा, व्याप्ती आटवा: यंदा ठरलेल्या दोन सेलपैकी एकच, तोही दुकानभर नाही, काही निवडक डिझाइनवर, आणि नेहमीपेक्षा महिना-दीड महिना इकडेतिकडे.

आणि आठ महिने थांबू नका. नवा माल लावल्यावर दहाव्या आठवड्यात बघा. निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर तेव्हाच, मधली मापं हातात असताना, 15 टक्क्यांत काम भागतं. या 300 जोडांत कोणती मापं उरलीत तेही आजच मोजून ठेवा. पुढच्या ऑर्डरमध्ये ती निम्म्याने कमी मागवा.