29 फेब्रुवारीमुळे तुमचा कधी हिशोब चुकलाय का?

प्रश्न: लीप वर्षाच्या त्या एका जादा दिवसामुळे तुमचा कधी काही हिशोब चुकलाय का? खरा अनुभव सांगा.

चुकलाय, आणि तोही सियाचीनमध्ये. मी 2003च्या डिसेंबरात वर गेलो. 26 नोव्हेंबरपासून शस्त्रसंधी लागू झाली होती, त्यामुळे तोफा गप्प होत्या. थंडीशी मात्र कुणी करार केला नव्हता. आमची चौकी 18,000 फुटांच्या वर. एवढ्या उंचीवर भूक मरते, झोप लागत नाही, साधी खरचटलेली जखम आठवडाभर तशीच राहते. म्हणून माणसाला तिथं साधारण 90 दिवसच ठेवतात.

हा 90चा आकडा सगळ्यांच्या तोंडात असतो, आणि त्यानंच माझा घात केला.

मी चौकीवर पोचलो 7 डिसेंबरला. आमच्या जागी येणारी टोळी 6 मार्चला पोचणार, हे आधीच ठरलेलं. मी रेशनच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि मागच्या बाजूला हिशोब मांडला. पेन्सिलनं, कारण तिथं बॉलपेनची शाई गोठते. डिसेंबरचे 25, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 6. बेरीज बरोबर 90! उत्तर असं चोख आल्यावर कोण परत तपासतो? 90 रेघा ओढल्या आणि रोज रात्री स्लीपिंग बॅगमध्ये शिरण्याआधी एक खोडायला लागलो.

संक्रांतीनंतर हेलिकॉप्टरनं टपाल आलं, त्यात आईनं पाठवलेला तिळगूळ होता. तो दगडासारखा गोठायचा. स्टोव्हवर बर्फ वितळवायचं पातेलं चढलेलं असायचं, त्याच्या झाकणावर लाडू ठेवून दोन-तीनदा उलटवला की दात लागायचा. बहुतेक लाडू वाटण्यातच गेले (लपवून खायला चौकीत जागाच नसते), पण सात मी राखून ठेवले. 28 फेब्रुवारीपासून 6 मार्चपर्यंत रोज एक. शेवटचा उतरायच्या दिवशी सकाळी, असा बेत.

28ला पहिला खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा चघळत मी वायरलेसवाल्याशेजारी बसलो होतो. खालच्या चौकीला हवामान कळवून झाल्यावर त्यानं नोंदवहीत तारीख घातली: 29.

मी म्हटलं, "अरे, आज एक तारीख आहे. मार्च लागला."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता हा डॉक्टरला बोलावतोय. उंचीवर माणूस भलतंसलतं बोलायला लागला तर ते हसण्यावारी नेत नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "आज वार कोणता?" मी म्हटलं, रविवार. "मग सहा मार्च कधी येतो?" मी बोटं मोजली. माझ्या हिशोबानं शुक्रवार येत होता, आणि टोळी तर शनिवारी येणार होती. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

मी तसाच आमच्या हवालदारांकडं गेलो. आम्ही जवान त्यांना 'मेजर' म्हणायचो, साताऱ्याकडचे होते. म्हटलं, "मेजर, 90 दिवस तर 5 तारखेलाच भरतात. 6 म्हणजे 91 होतात." हिशोब माझा चूक नव्हता. दिवस धरले तर 29 तारखेमुळं माणूस एक दिवस आधी सुटतो, तारीख धरली तर एक दिवस जास्त अडकतो. मेजर बूट शेकत होते. वर न बघता म्हणाले, "खालची टोळी तारखेवर निघालीय रं. दोरीला बांधून घेऊन टप्प्याटप्प्यानं येत्यात. तुझ्या खोक्यावरच्या रेघा बघून पळत येतील व्हय?"

पगाराचंही विचारून बघितलं. "पगार महिन्याचा," एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे तो दिवस सरकारला फुकट.

झाकणावर एक्क्याण्णवावी रेघ ओढायला जागा नव्हती, म्हणून ती कडेला आडवी ओढली. लाडू मात्र 5 तारखेला संपले. 6ला सकाळी नुसता चहा घेतला आणि सामान बांधून बसलो.

दुपारी बर्फाचं वादळ सुरू झालं. टोळी खालच्या चौकीवरच अडकली आणि आम्ही उतरलो 9 तारखेला. त्या तीन दिवसांच्या रेघा मी मारल्याच नाहीत. झाकण स्टोव्ह पेटवायला दिलं होतं.

बेस कॅम्पला पोचल्यावर रिवाजाप्रमाणं, सियाचीनचे जवान ज्यांना आपला रक्षक मानतात त्या ओपी बाबांच्या मंदिरात हजेरी दिली, मग वजनकाट्यावर उभा राहिलो. नऊ किलो उतरलो होतो.