शेंडा पिवळा, शिरा हिरव्या: लोह, झिंक की मोझॅक?

"सोयाबीन २५ दिवसांचं आहे. शेंड्याची पानं पिवळी पडलीत, शिरा मात्र हिरव्या. खालची पानं ठीक आहेत. कुणी मोझॅक म्हणतं, कुणी झिंक मारा म्हणतं. नक्की काय समजायचं?"

वर्णनावरून मला लोहाची कमतरता वाटते. जुन्या पानातलं लोह झाडाला काढून शेंड्याकडे नेता येत नाही, म्हणून कोवळं पान आधी पिवळं पडतं आणि खालचं हिरवं राहतं.

आता एक पान उजेडासमोर धरा. लोह कमी असेल तर पिवळेपणा पानाच्या दोन्ही अर्धांत सारखा असतो आणि शिरांची हिरवी जाळी रेखीव दिसते. पिवळ्या मोझॅकमध्ये भडक पिवळे, वेडेवाकडे चट्टे हिरव्यात मिसळलेले असतात, ते शिरांची हद्द पाळत नाहीत. शेतातही फरक दिसतो. पांढरी माशी रोग नेते, त्यामुळे मोझॅकची झाडं सुरुवातीला इकडेतिकडे एकेकटी सापडतात. लोहाची कमतरता चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या पट्ट्यात सगळ्या झाडांवर एकदम दिसते.

झिंक कमी पडलं की झाडच खुजं राहतं, पेरं आखूड आणि पानं बारीक होतात. मक्यात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, पानाच्या बुडाकडच्या भागात पांढुरका पट्टा येतो. भातावर मात्र तांबूस-तपकिरी ठिपके येतात आणि ते हुबेहूब रोगासारखे दिसतात. 'खैरा' हा रोगच मानला जायचा. १९६० च्या दशकात पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी तो झिंकच्या कमतरतेने होतो हे दाखवलं. इतक्या जाणत्यांची फसगत झाली होती, म्हणून मी नजरेवर विसंबत नाही, पानालाच विचारतो.

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. हिराकस हिरवटच हवा. गंजल्यासारखा तांबडा झालेला असेल तर पानाला त्याचा उपयोग होत नाही. संध्याकाळी आठ-दहा झाडांच्या पिवळ्या पानांच्या फक्त एका अर्ध्यावर ब्रशने लावा आणि पानांना दोरा बांधा. चार-पाच दिवसांत तेवढाच अर्धा हिरवा झाला, तर निदान पक्कं. मग याच प्रमाणात फवारा, तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर पान करपतं. लोह पुढच्या पानांत सरकत नसल्याने नवी पानं पुन्हा पिवळी येतील. तेव्हा आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी लागते. साचलेलं पाणी काढून वाफसा आला, की बरेचदा पीक आपोआप सावरतं.

सोबत बोरॉन मात्र अंदाजाने मारू नका. त्याची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. बोरॉन कमी असेल तर शेंडाच मरतो, कोवळी पानं जाड, सुरकुतलेली होतात आणि वाकवली की मोडतात. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही.

रंगवलेला अर्धा पिवळाच राहिला, तर काहीही न फवारता दोन झाडं मातीसकट उपटा आणि मुळं धुऊन बघा. कुजलेल्या किंवा गाठाळलेल्या मुळांनीही शेंडा पिवळा पडतो. मात्र सोयाबीनच्या नत्राच्या गाठींशी गल्लत करू नका. त्या चिमटीत सहज सुटतात, सूत्रकृमीने आलेली गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही.