पीयूसी१९ च्या प्लेटवरही शून्य: फसलेल्या ट्रान्सफॉर्मेशनचं पान

प्रश्न: माझं ट्रान्सफॉर्मेशन फसलं, अॅम्पिसिलिनच्या प्लेटवर एकही कॉलनी नाही. लॅब नोटबुकात 'नो ग्रोथ' लिहून पान संपवू का, की अजून काही लिहायचं असतं?

उत्तर:

नुसतं 'नो ग्रोथ' लिहिलंत तर पंधरा दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही, की कुठल्या प्लेटवर उगवलं नाही आणि कुठल्या प्लेटवर उगवायलाच नको होतं. मग गाईड म्हणणार, "लायगेशन फेल गेलं असेल, परत कर." हे वाक्य मी बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टला इतकं ऐकलंय, की तुमचा प्रश्न दिसल्याबरोबर हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आमचं काम तसं साधंच होतं. पीयूसी१९ इको-आर-वनने कापायचा, त्यात आमचा तुकडा जोडायचा आणि डीएच५-अल्फात घालायचा. विभागात उणे ऐंशीचा फ्रीझर नव्हता. कॅल्शियम क्लोराइडवाले कॉम्पिटंट सेल्स सरांनी सत्राच्या सुरुवातीलाच भरपूर करून, ग्लिसरॉल घालून, साध्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिले होते. वर्षभर पुरतील, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं, पण नव्या पोरीचं कोण ऐकतंय!

पावसाळ्याचे दिवस. खानापूरकडून ढग भरून आले की आमच्याकडे करंट गेलाच म्हणून समजा. सोमवारी सेल्स काढायला गेले तर त्याच कप्प्यातल्या बर्फाच्या ट्रेमधले चौकोन वितळून, परत गोठून, त्यांची एकच तिरकी लादी झालेली. सेल्सच्या ट्यूबा उजेडात धरल्या. नीट गोठलेली ट्यूब वरपासून खालपर्यंत एकसारखी दुधट दिसते. इथं तळाशी पांढरा थर बसलेला आणि वरचा भाग पाणचट. म्हणजे ट्यूब मधे केव्हातरी वितळली, सेल्स खाली बसले आणि मग परत गोठले. अटेंडंट मामांना विचारलं तर म्हणाले, "व्हय की, शनिवारी रात्री गेलेला करंट काल दुपारी आला बघा." हे सगळं मी प्रयोगाला हात लावायच्या आधीच पानावर लिहिलं, मामांनी सांगितलेल्या वेळेसकट. सर म्हणाले, "फ्रिजचं वर्णन कशाला? ऑब्झर्वेशन म्हणजे कॉलनी काउंट." यावरून आमचं पुढं बरेच दिवस वाजत राहिलं.

दुसरे सेल्स नव्हते आणि सर थांबायला तयार नव्हते, म्हणून तेच वापरले. त्या दिवशीची नोंद थोडक्यात अशी होती:

"सेल्स १०० मायक्रोलिटर, डीएनए घालून बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर ९० सेकंद, परत बर्फात २ मिनिटं. एलबी ९०० मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर १ तास. त्यातलं १०० मायक्रोलिटर प्लेटवर. अॅम्पिसिलिन मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. ४२ अंश वॉटरबाथच्या डायलवरून घेतलेले नाहीत, पाणी भरलेल्या तशाच ट्यूबमध्ये थर्मामीटर बुडवून पाहिलेत.

१८ तासांनी: डीएनए न घातलेले सेल्स, साध्या एलबीवर, गच्च लॉन. तेच सेल्स अॅम्पिसिलिनवर, काही नाही. न कापलेला पीयूसी१९, १ नॅनोग्रॅम, काही नाही. कापलेला वेक्टर, लायगेज न घालता, काही नाही. लायगेशन मिक्स, काही नाही."

सरांनी फक्त शेवटची ओळ वाचली आणि लायगेशनचा निकाल लावून टाकला. माझं म्हणणं असं, की या पानावरून लायगेशनबद्दल कुणाला काहीच बोलता येत नाही. न कापलेल्या पीयूसी१९ ला लायगेजशी काय देणंघेणं? तो आख्खा, गोल प्लास्मिड आहे. तोही उगवला नाही, याचा अर्थ गडबड लायगेशनच्या अलीकडं आहे. लायगेशन उत्तम असतं तरी त्या दिवशी ती प्लेट रिकामीच राहिली असती. पॉझिटिव्ह कंट्रोल पडला की बाकीच्या रिकाम्या प्लेटा मुक्या होतात, आणि हे वाक्य निष्कर्ष म्हणून पानावर लिहायलाच हवं.

पहिल्या ओळीनं आणखी एक गोष्ट सांगितली. सेल्स मेलेले नव्हते, लॉन आलं होतं. पण जिवंत असणं वेगळं आणि डीएनए आत घेण्याच्या अवस्थेत असणं वेगळं. कॅल्शियमनं आणि थंडीनं सेल्सना आणलेली ती अवस्था नाजूक असते. ट्यूब वितळून तासन्‌तास उबदार राहिली की ती जाते आणि सेल्स मात्र छान वाढत राहतात. म्हणून लॉन दिसलं म्हणजे "सेल्स ओके" असं लिहू नका, "सेल्स जिवंत" एवढंच लिहा.

संभाव्य कारणं लिहिताना 'कंटॅमिनेशन' आणि 'ह्यूमन एरर' हे दोन शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांना खोडायला लावते. कंटॅमिनेशननं कॉलन्या वाढतात, कमी होत नाहीत, आणि ह्यूमन एररवर पुढचा प्रयोग आखता येत नाही. कारण तेच लिहायचं ज्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध पानावर काहीतरी दिसतंय. माझ्या पानावर तीन होती. पहिलं, सेल्सची कॉम्पिटन्स गेली. बाजूनं ट्यूबमधला थर आणि बर्फाची लादी. दुसरं, प्लेटमध्ये अॅम्पिसिलिन चुकून जास्त पडलं किंवा भलतंच अँटिबायोटिक गेलं. विरुद्ध काही नाही, कारण तपासलंच नव्हतं. तिसरं, पीयूसी१९ चा स्टॉक खराब झाला. तेही तपासलेलं नव्हतं. हीट शॉकवर मी संशय धरला नाही, तापमान ट्यूबमध्ये मोजलं होतं म्हणून.

पुढची पायरी ठरवताना स्वस्त ते आधी करा. प्लेटची शंका एका रात्रीत फिटते. त्याच बॅचची उरलेली एक प्लेट घ्यायची, मधोमध रेघ मारायची, एका बाजूला पीयूसी१९ असलेला जुना स्ट्रेन आणि दुसऱ्या बाजूला साधा डीएच५-अल्फा स्ट्रीक करायचा. माझ्याकडं पहिला उगवला, दुसरा नाही. प्लेट सुटली.

मग सेल्स. रात्रभर वाढवलेलं कल्चर १ ला १०० या प्रमाणात ताज्या एलबीत घातलं, ओडी ०.३५ च्या आसपास आल्यावर फ्लास्क बर्फात ठेवला. पुढचं सगळं थंडीत: ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, पेलेट बर्फगार १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये हलक्या हातानं, व्होर्टेक्स अजिबात नाही, अर्धा तास बर्फात, परत सेंट्रिफ्यूज आणि थोड्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये मोकळे. असे सेल्स न गोठवता बर्फात १२ ते २४ तास ठेवले तर कॉम्पिटन्स उलट वाढते, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. बर्फ मासळीवाल्याकडून आणला होता. सरांना वास आला, ते वेगळं.

खरी युक्ती यानंतरची. मी जुने आणि ताजे सेल्स शेजारीशेजारी लावले. पीयूसी१९ ची ट्यूब तीच, प्लेटची बॅच तीच, वॉटरबाथ तोच, बदलले फक्त सेल्स. ताज्यांवर ५४ कॉलन्या, जुन्यांवर शून्य. त्या एका जोडीनं पीयूसी१९ चा स्टॉकही सुटला आणि हीट शॉकही सुटला, वेगळं काही करावं लागलं नाही. दोन्हीवर शून्य आलं असतं तर मात्र डीएनए जेलवर चालवून बघावा लागला असता.

आकडा लिहिताना हिशोबही लिहा. १ नॅनोग्रॅम घातला होता, दहावा भाग प्लेटवर गेला, म्हणजे ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे ०.०००१ मायक्रोग्रॅम. ५४ भागिले ०.०००१ म्हणजे मायक्रोग्रॅमला ५.४ लाख. कॅल्शियम क्लोराइडच्या घरगुती सेल्सना हे ठीक आहे. आणि जुन्या सेल्ससमोर '०' लिहू नका. त्या प्लेटवर एक कॉलनी आली असती तरी १० हजार झाले असते, तेव्हा "१० हजारांपेक्षा कमी" एवढंच खरं आहे.

हा हिशोब लायगेशनला लगेच उपयोगी पडतो. लायगेट केलेला डीएनए आख्ख्या प्लास्मिडपेक्षा फार कमी कॉलन्या देतो, शंभरावा भाग धरून चाला. १० नॅनोग्रॅम घातला आणि दहावाच भाग प्लेटवर टाकला तर ५.४ लाखांच्या सेल्सवरसुद्धा पाचेक कॉलन्याच अपेक्षित आहेत. म्हणून तासाभराच्या रिकव्हरीनंतर ट्यूब हलकी फिरवून, पेलेट १०० मायक्रोलिटरमध्ये घेऊन सगळंच प्लेटवर टाका. मी तसं केलं, आणि मुद्दाम तेच जुनं लायगेशन वापरलं, जे सरांच्या मते फेल होतं. डीएनएला वितळण्या-गोठण्याचं सेल्सइतकं काही वाटत नाही. कॉलन्या आल्या, लायगेज नसलेल्या प्लेटपेक्षा जास्त आल्या, आणि त्यातल्या काहींत तुकडाही निघाला. सर म्हणाले, "बघ, या वेळी लायगेशन नीट केलंस!" पानावर तारखेसकट 'जुनं लायगेशन' लिहिलेलं दाखवलं, तर म्हणाले रेकॉर्ड फेअर करताना आधीचं पान गाळून टाक, एक्झामिनरला बरं दिसत नाही. मी गाळलं नाही. आज मी स्वतः प्रॅक्टिकल घेते आणि फेअर रेकॉर्डला नव्हे, बर्फाचं पाणी सांडलेल्या त्या वहीला मार्क देते. सरांना हे अजूनही पटत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं केमिकल ट्रान्सफॉर्मेशनचं. इलेक्ट्रोपोरेशन असेल तर आधी लायगेशन मिक्समधल्या मिठावर संशय घ्या, स्पार्क झाला होता का तेही लिहा. आणि अँटिबायोटिक कॅनामायसिन असेल तर तासाभराची रिकव्हरी टाळू नका. अॅम्पिसिलिनची प्लेट दोन दिवस ठेवून मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक ठिपके आले तर त्या सॅटेलाइट कॉलन्या, मोजू नका.

तुम्ही न कापलेल्या प्लास्मिडची प्लेट लावली होती का, ते आधी कमेंटमध्ये सांगा. नसेल लावली तर त्या पानावर कारणं लिहायला बसूच नका, "कंट्रोल नव्हता" लिहा आणि उद्या परत लावा.