मेलच्या साखळीतली एक अडचणीची ओळ

‘ऑफिसातल्या मराठी मेलांची लांबलचक साखळी इंग्रजी वाचणाऱ्या वरिष्ठांना पाठवायची आहे. काही गाळलं तर लपवाछपवी वाटेल, सगळं पाठवलं तर कुणाची तरी अब्रू जाईल. काय करू?’

असाच पेच घेऊन एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. एका माहितीपुस्तिकेचं काम लांबलं होतं आणि वरिष्ठांनी कारण विचारलं होतं. साखळीच्या मध्यावर एका सहकाऱ्यानं लिहिलं होतं, ‘आईचं ऑपरेशन आहे, दोन दिवस येणार नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही मजकूर तीनदा बदललात म्हणून ही वेळ आली.’ हा अख्खा मेलच काढून टाकावा, असं ताईंच्या मनात होतं.

आम्ही तो वाक्यावाक्यानं वाचला. आईचं आजारपण ही त्याची खासगी बाब, तिथे ‘दोन दिवस रजा’ एवढं पुरे. ‘खरं सांगू का’ हा वैताग, तो गेला तरी माहिती कमी होत नाही. मजकूर तीनदा बदलला हे मात्र उशिराचं कारणच आहे. ते गाळलं की वाचणाऱ्याला फक्त रजा दिसते आणि सगळा दोष त्या सहकाऱ्यावर जातो. मजकूर बदलणाऱ्यांत ताई स्वतःही होत्या, म्हणून मी विचारलं, ‘हे काढल्यानं सोय कुणाची होते?’ आपलीच होत असेल, तर ती ओळ ठेवायची.

पुढे एक वाक्य होतं, ‘शुक्रवारपर्यंत दुरुस्ती करून द्यावी.’ कुणी द्यावी? गटात सगळ्यांना माहीत होतं, बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. तिथे त्यांनी चौकटी कंसात करणाऱ्याचं पद आणि तारीख घातली. मूळ वाक्याला हात लावला नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उत्तर देताना आधीचा मेल खाली आपोआप चिकटतो, त्यामुळे वर खोडलेली ओळ खालच्या अवतरणात तशीच राहू शकते. जीमेलमध्ये तो भाग तीन ठिपक्यांमागे लपलेला असतो. ताईंनी ‘ऑपरेशन’ शब्द शोधून पाहिला, तर तो आणखी एका ठिकाणी सापडला.

सगळ्यात वर त्यांनी इंग्रजीत चार ओळींचं टिपण लिहिलं: काय ठरलं होतं, उशीर का झाला, पुढचं काम कुणाकडे आहे, आणि ‘खासगी मजकूर वगळला आहे’. ही शेवटची ओळ असली की लपवाछपवीचा प्रश्न उरत नाही. प्रकरण तक्रारीचं किंवा चौकशीचं असतं, तर मी काहीच गाळू दिलं नसतं. तिथे मूळ साखळी जशीच्या तशी जाते, सोबत भाषांतर.

पाठवण्याआधी ताईंनी टिपण त्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘रजेचं राहू द्या, पण मजकूर बदलल्याच्या तिन्ही तारखा घाला.’ त्यांनी त्या घातल्या आणि मेल पाठवला.