लूस्टिक गेला, आता फ्रेंचमध्ये काय लिहू?

*ताई, मी सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी लियोंला येतेय. तिथली एक मुलगी वर्षभर दर रविवारी माझ्याशी व्हिडिओ कॉलवर फ्रेंच बोलते, चांगली मैत्री झालीय. काल तिचा मेसेज आला की लूस्टिकला, म्हणजे तिच्या कुत्र्याला, ‘फेर पिके’ करावं लागलं. मला वाटलं काहीतरी चावलं, मग कळलं की तो गेला. कॉलवर तो कायम तिच्या टेबलाखाली असायचा, तोंडात हिरवा चेंडू. मी असं लिहिलंय: ‘तूत मे कोंदोलेआँस पूर ल देसॅ द तों शिअँ. इल एते कॉम तोनाँफाँ. त्यु वा लुई माँके. इल एतो पारादी.’ माझं फ्रेंच बी-१ आहे. पाठवू का?*

नको, थांब. व्याकरण बरं आहे, तरी तसंच पाठवू नकोस. तिसऱ्या वाक्याचा तर अर्थच उलटा झालाय. तिथूनच सुरू करते, कारण तीच चूक मीही केली होती.

फ्रान्समध्ये माझं दुसरं वर्ष होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा म्हातारा कुत्रा गेला. मी चिठ्ठी लिहून त्यांच्या टपालपेटीत टाकली: ‘त्यु वा लुई माँके’. माझ्या मनात होतं, ‘तुला त्याची फार आठवण येईल’. प्रत्यक्षात लिहिलं गेलं, ‘त्याला तुझी आठवण येईल’. त्या कुत्र्याला, जो गेलाय! बाई सभ्य होत्या, जिन्यात भेटल्यावर ‘मेर्सी’ म्हणाल्या. चूक माझ्या लक्षात आली ती काही महिन्यांनी, वर्गात ते क्रियापद शिकवलं तेव्हा.

‘माँके’ या क्रियापदात ज्याची आठवण येते तो कर्ता असतो. मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं. आपण ‘मला त्याची आठवण येते’ म्हणतो, त्यात ‘मी’ कर्ता नसतोच. पण आपण फ्रेंच शिकतो इंग्रजीच्या वाटेने, आणि इंग्रजीत ‘मी’ पुढे येतो, म्हणून घोटाळा होतो. इंग्रजी बाजूला ठेव आणि ‘तो तुला उणा भासेल’ असं मनात म्हण. मग ‘इल वा त माँके’ आपोआप येईल. ‘इल’ म्हणजे लूस्टिक, ‘त’ म्हणजे ती.

आता तिचा मेसेज. ‘पिके’ म्हणजे टोचणं, डास चावला तरी हाच शब्द. पण ‘फेर पिके’ प्राण्याबद्दल आलं की अर्थ एकच: डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ दिलं. बोलीतला शब्द आहे, घरचे लोक सहज वापरतात. तू मात्र तो उचलून परत लिहू नकोस. तिने स्वतःच्या निर्णयाबद्दल म्हटलं तर ठीक, दुसऱ्याने म्हटलं की जरा कोरडं वाटतं. का केलं, काय झालं होतं, हेही पहिल्या मेसेजमध्ये विचारायचं नाही. आणि ‘योग्यच निर्णय घेतलास’ असं लगेच कळवू नकोस. आपण तिथे नव्हतो. पुढे ती स्वतःहून म्हणाली की मला अपराधी वाटतंय, तेव्हा ‘त्यु आ फे स किल फालॅ’, जे करायला हवं होतं ते केलंस, हे वाक्य हाताशी ठेव.

तुझं पहिलं वाक्य. ‘कोंदोलेआँस’ म्हणजे शोकसंवेदना आणि ‘देसॅ’ म्हणजे निधन, हे दोन्ही माणसांच्या जगातले शब्द आहेत. आपण कुत्र्याबद्दल ‘दुःखद निधन झाले’ लिहिलं तर ऐकणारा क्षणभर गोंधळेल, तसंच. चूक म्हणता येणार नाही, काही फ्रेंच लोकही कुत्र्यासाठी ‘कोंदोलेआँस’ लिहितात, पण मैत्रिणीकडून ते छापील कार्डासारखं वाटतं. दुसऱ्या टोकाला ‘क्रवे’ आहे. जनावर मरणं या अर्थाचा जुना शब्द, शब्दकोशात सापडेल, पण आज कानाला अगदी ‘मेलं एकदाचं’ असा लागतो. तो कधीच नको. ‘मॉर’ म्हणजे मेला, सरळ शब्द आहे, वाईट नाही. लोक बहुतेक ‘पार्ती’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘गेला’. पण खरं सांगू? यातला एकही शब्द तुला लागणार नाही. ‘ज स्वी व्रेमाँ देझोले पूर लूस्टिक’, लूस्टिकबद्दल खरंच वाईट वाटलं, एवढ्यात सगळं येतं. ‘देझोले’ म्हटलं की आपण माफी मागतोय असं वाटून अनेकांना संकोच होतो. फ्रेंचमध्ये तोच शब्द दोन्हीकडे चालतो, कोणी गैरसमज करून घेत नाही.

नाव लिही. ‘तों शिअँ’, तुझा कुत्रा, असं लिहिलं की तो कुठलाही कुत्रा होतो. नाव माहीत असून न लिहिणं हे आपल्याकडे ‘तुमचे ते’ म्हणण्यासारखं. जाता जाता एक गंमत: फ्रान्समध्ये वंशावळ नोंदवलेल्या कुत्र्यांचं नाव जन्मवर्षाच्या अक्षराने ठेवायची पद्धत आहे. 2015 चं अक्षर ‘एल’ होतं, 2018 चं ‘ओ’. सगळे पाळत नाहीत, पण लूस्टिक हे नाव त्या पद्धतीने ठेवलं असेल तर तो 2015 चा, म्हणजे चांगलं वय झालेला. अर्थात ‘वय झालंच होतं’ हे आपण म्हणायचं नाही. एवढ्यासाठी सांगितलं की तिला वय विचारायची गरज पडू नये.

‘तुझ्या मुलासारखा होता’ हे काढ. ती स्वतः म्हणाली तर तिचं खरं. आपण म्हटलं की एक तर जास्त होतं, किंवा तिला मूल नाही यावर बोट ठेवल्यासारखं होतं. ‘तो स्वर्गात आहे’ हे ‘पारादी’चं वाक्यही काढ. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ आपल्या बोटांतून आपोआप उतरतं. तिचा देवावर विश्वास आहे की नाही हे तुला माहीत नाही, आणि इथे मित्रमंडळींत तो विषय सहसा कोणी काढत नाही. गेलेले पाळीव प्राणी इंद्रधनुष्याच्या पुलापाशी आपल्या माणसाची वाट पाहतात, ही गोष्ट फ्रेंचमध्येही फिरते. ती लिहील तर लिहू दे, आपण सुरुवात करायची नाही.

अतिशयोक्तीचा एक सापळा मात्र शब्दकोशात दिसत नाही. ‘मला तो आवडायचा’ असं लिहावंसं वाटेल. ‘ज लादोरॅ’ लिहिलंस तर ते जीव ओवाळून टाकण्यातलं होईल, आणि तू त्याला एकदाही हात लावलेला नाहीस. नुसतं ‘ज लेमॅ’ म्हणजे माझं त्याच्यावर प्रेम होतं, तेही तिच्या तोंडी शोभेल. तुझ्यासाठी नेमकं आहे ‘ज लेमॅ बियँ’. ‘बियँ’ म्हणजे ‘चांगलं’, पण ‘एमे’ला जोडलं की प्रेम वाढत नाही, उतरतं: प्रेमाचं आवडणं होतं. खरं तर तेही वाक्य नसलं तरी चालेल, कारण त्याहून चांगली गोष्ट तुझ्याकडे आहे.

तो हिरवा चेंडू. तुझ्या चार वाक्यांत तो कुठेच नाही, प्रश्नात मात्र आहे! वर्षभर त्याला टेबलाखाली तूच पाहिलंस, हे दुसरं कोणी लिहू शकणार नाही. यासाठी एक शब्द लागेल: कुत्र्याच्या तोंडाला फ्रेंचमध्ये ‘बूश’ म्हणत नाहीत, ‘गल’ म्हणतात. पायाला ‘पात’. माणसाबद्दल ‘गल’ वापरला तर शिवी होते, थोबाड म्हटल्यासारखी, पण कुत्र्याबद्दल तो साधा, बरोबर शब्द आहे. घाबरू नकोस.

हे सगळं धरून मी असं लिहिलं असतं. वर फक्त तिचं नाव आणि स्वल्पविराम. ‘कूकू’, म्हणजे आपलं ‘हाय’, नको, ते फार खेळकर आहे.

```
Je viens de lire ton message.
Je suis vraiment désolée pour Loustic.
Je le revois sous ton bureau pendant nos appels,
sa balle verte dans la gueule.
Il doit déjà beaucoup te manquer.
Tu n'es pas obligée de répondre.
Si tu as envie d'en parler, je suis là.
Je t'embrasse.
```

मराठीत: तुझा मेसेज आत्ताच वाचला. लूस्टिकबद्दल खरंच वाईट वाटलं. आपण बोलताना तुझ्या टेबलाखाली बसलेला, तोंडात हिरवा चेंडू धरलेला तो डोळ्यांसमोर येतोय. तुला आत्तापासूनच त्याची खूप आठवण येत असेल. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. बोलावंसं वाटलं तर मी आहे.

शेवटच्या ओळीचा शब्दशः अर्थ ‘तुझं चुंबन घेते’, तो मराठीत आणूच नये. मैत्रिणींमध्ये ही नेहमीची, ऊबदार समाप्ती आहे. ‘ग्रो बिझू’ आज फार हसरं होईल, ‘कोर्दियालमाँ’ ऑफिसचं आहे. आणि ‘बों कुराज’ टाळ: ते परीक्षेला किंवा घर हलवायला निघालेल्याला म्हणतात. उद्गारचिन्ह एकही नको. एखादं हृदय चालेल, रडक्या चेहऱ्यांची रांग नको.

दोन ठिकाणी शेवटचा ‘ई’ तपास. ‘देझोले’ला तो जादा ‘ई’ आहे कारण लिहिणारी तू आहेस. लूस्टिक नर होता याचा इथे संबंध नाही. तुझ्या भावाने हाच मेसेज पाठवला तर तो ‘ई’ जाईल. ‘ओब्लिजे’चा ‘ई’ मात्र तिच्यामुळे आहे, तो भावाच्या मेसेजमध्येही राहील. ऐकायला काहीच फरक नाही, म्हणूनच सुटतो. डोक्यावरच्या मात्रांसाठी फोनमध्ये फ्रेंच कीबोर्ड घे.

आजच पाठव, फोन करू नकोस. ती ‘मेर्सी, सा म तूश’ असं काही लिहील, म्हणजे मनाला भिडलं. त्यावर हृदय टाकून थांब. लगेच दुसरा परिच्छेद लिहायचा नाही. रविवारचा कॉल रद्द झाला तर तक्रार नको, कॉल झालाच तर कुत्र्याचा विषय तिच्यावर सोड. अस्थी परत येणार आहेत असं ती म्हणाली तर दचकू नकोस. इथे डॉक्टर विचारतात, दहन सामुदायिक हवं की वेगळं. वेगळं केलं तर राख घरी मिळते. अस्थी आणि राख दोन्हींना शब्द एकच, ‘साँद्र’. पॅरिसजवळ आस्निएरला तर 1899 पासून प्राण्यांची दफनभूमी आहे, तेव्हा तिचं दुःख इथे कुणाला वेडेपणा वाटणार नाही.

सप्टेंबरात भेटशील तेव्हा त्याचं नाव घेऊन एखादा फोटो दाखवायला सांग, तिला आवडेल. फुलं न्यायची असतील तर एक सांभाळ. ऑक्टोबर आला की इथल्या दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या लागतात, आपल्या डोळ्याला अगदी दसऱ्याची आठवण देणाऱ्या. इथे शेवंती 1 नोव्हेंबरला थडग्यांवर ठेवतात, घरी भेट म्हणून कोणी नेत नाही. मी पहिल्या वर्षी दोन कुंड्या घेऊन जेवायला गेले होते. तू बाकरवडी ने.