एकट्याचा व्यवसाय आणि अचानक आलेला आजार: पासवर्डाआधी ओटीपीची सोय करा

प्रश्न: मी एकटाच व्यवसाय चालवतो, हाताखाली कोणी नाही. उद्या अचानक दवाखान्यात भरती व्हावे लागले तर पासवर्ड, ग्राहक आणि पैसे हे घरच्यांनी कसे सांभाळायचे? आधीपासून काय तयारी करून ठेवावी?

उत्तर:

मी नागपुरात संगणक, राउटर आणि सीसीटीव्ही यांच्या वार्षिक देखभालीचे काम एकट्याने करतो. इतवारी, गांधीबाग आणि हिंगणा एमआयडीसी येथे माझे बहुतेक ग्राहक आहेत. काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात मला डेंग्यू झाला आणि नऊ दिवस दवाखान्यात राहावे लागले. पासवर्डांची वही माझ्याकडे होती आणि ती कोणत्या कपाटात आहे हे पत्नीला ठाऊक होते, तरीही पहिले तीन दिवस तिला एकही काम पुढे नेता आले नाही. कारण पासवर्ड टाकल्यावर येणारा ओटीपी माझ्या फोनवर जात होता आणि तो फोन दवाखान्यातल्या पिशवीत बंद पडलेला होता. तो चार्ज करून सुरू केला तर त्याचे कुलूप तिला उघडता येईना. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे, तर माझे ई-सिम होते, म्हणजे काढण्यासारखे काही नव्हतेच. बदली सिम घ्यायचे तर ज्याच्या नावावर क्रमांक आहे त्याची ओळख पटवावी लागते, आणि सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएसची सेवा बंद ठेवली जाते.

म्हणून माझ्या मते तयारीची सुरुवात पासवर्डांच्या यादीपासून करू नये, फोन क्रमांकापासून करावी. मी व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घेतला, तो साध्या प्लास्टिकच्या सिमवर ठेवला आणि ते सिम घरी चार्जरला लावलेल्या जुन्या हँडसेटमध्ये घातले. ईमेल, जीएसटी पोर्टल आणि ग्राहकांच्या कॅमेऱ्यांची खाती या क्रमांकाला जोडली आहेत. त्याचे रिचार्ज चुकले तर सगळी व्यवस्था कोलमडेल, म्हणून रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. गुगल खात्यासाठी 8 अंकी 10 बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर छापून ठेवले आहेत, म्हणजे फोन नसतानाही ईमेल उघडता येतो. खाते वापरात नसल्यास आपल्या माणसाला कळवण्याची सोय गुगल देते खरी, पण तिची किमान मुदत 3 महिन्यांची आहे, त्यामुळे आजारपणात तिचा उपयोग होत नाही.

पासवर्ड आता वहीत नाहीत. ते KeePassXC या मोफत प्रोग्रामच्या एका कुलूपबंद फाइलमध्ये आहेत. फाइलची प्रत पत्नीच्या लॅपटॉपवर आहे आणि ती उघडण्याचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात माझ्या मेहुण्याच्या घरी आहे. दोघे एकत्र आल्याशिवाय फाइल उघडत नाही. बँकेचे पासवर्ड आणि पिन मात्र मी या फाइलमध्ये मुद्दाम ठेवलेले नाहीत. ते आपणहून दुसऱ्याला दिले आणि पुढे फसवणूक झाली, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते. बँकेची सोय बँकेच्याच मार्गाने करावी, त्याबद्दल पुढे सांगतो. जीएसटीसाठी मी पत्नीला अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून जोडून घेतले, त्यामुळे विवरणपत्र भरताना तिचे नाव निवडले की ओटीपी तिच्या फोनवर येतो.

माझे सर्वांत मोठे नुकसान ग्राहकाच्या पासवर्डामुळे झाले. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याचा बिलिंगचा संगणक मी भरती असतानाच अडला. त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात होता. त्याने घाईने दुसरा माणूस बोलावला, त्या माणसाने विंडोज पुन्हा टाकली आणि शेवटच्या बॅकअपनंतरची पाच दिवसांची बिले गेली. चूक माझी होती, कारण तो पासवर्ड मुळात त्यांचा होता आणि तो त्यांच्याकडे असायला हवा होता. आता प्रत्येक ग्राहकाच्या संगणकावर मी दुसरे अ‍ॅडमिन खाते बनवतो आणि त्याचा पासवर्ड सही केलेल्या पाकिटात त्यांच्या तिजोरीत ठेवतो. वार्षिक करार नव्याने होतो तेव्हा पाकीट फोडून तो चालतो का ते पाहतो आणि नवा पासवर्ड ठेवतो.

पर्यायी माणूस म्हणून मी मानेवाड्यातल्या एका समव्यावसायिकाशी बोलून ठेवले आहे. नुसते नाव आणि क्रमांक देऊन भागत नाही, दर आधी ठरलेला असावा लागतो. माझ्या ग्राहकाकडे तो गेला तर भेटीचे पूर्ण पैसे त्याचे, करार मात्र माझाच राहील, आणि त्याच्या आजारपणात मीही तसेच करीन, असे आम्ही एका पानावर लिहून सह्या केल्या आहेत. माझ्या यादीत ग्राहकाच्या नावापुढे किती तासांत पोहोचणे आवश्यक आहे तेही लिहिले आहे. पॅथॉलॉजी लॅबला त्याच दिवशी माणूस लागतो, गोदामाचा कॅमेरा आठवडाभर थांबू शकतो.

आता पैशांविषयी. आजाराचा खड्डा त्याच महिन्यात दिसत नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. माझी बिले साधारण 45 दिवसांनी वसूल होतात. सप्टेंबरमध्ये मी पडून होतो तेव्हा जुलै-ऑगस्टचे पैसे येत होते, म्हणून सर्व ठीक वाटले. ऑक्टोबरभर अशक्तपणामुळे निम्मेच काम झाले आणि खरी टंचाई नोव्हेंबरमध्ये आली. घरखर्च 28,000 आणि दुकानाचे भाडे, हप्ता, इंटरनेट मिळून 16,000, असे महिन्याला 44,000 रुपये मला लागतात. काम थांबल्यापासून पुन्हा पूर्ण वसुली सुरू होईपर्यंत तीन महिने धरले तर 1,32,000 होतात. आरोग्य विमा दवाखान्याचे बिल भरतो, बुडालेली कमाई भरून देत नाही, आणि कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत दवाखाना अनामत मागू शकतो. त्यासाठी 50,000 वेगळे धरून माझी राखीव रक्कम 1,82,000 आहे. तुमची वसुली रोखीची असेल तर खड्डा लगेच पडेल, पण तो भरूनही लवकर निघेल, म्हणून दोन महिन्यांचा खर्च पुरू शकतो.

ही रक्कम व्यवसायाच्या चालू खात्यात ठेवू नका. त्या खात्यावर पत्नीला अधिकारपत्र देता येते, मीही दिले आहे, परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याचे मानसिक संतुलन ढळले तर असे अधिकार संपतात. म्हणजे नेमके मोठे संकट आले की तो कागद निरुपयोगी ठरू शकतो. राखीव रक्कम आम्ही दोघांच्या संयुक्त बचत खात्यात, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या सूचनेसह ठेवली आहे. तिच्यातला काही भाग मुदत ठेवीत टाकताना मला एक गोष्ट उशिरा कळली. याच सूचनेची ठेव मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते, पण मुदतीआधी मोडायची असल्यास बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. मी अतिदक्षता विभागात असताना माझी सही कोठून येणार? ठेव करतानाच एकाच्या सहीने ती मोडता येईल असे दोघांनी बँकेला लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

वर्षातून दोनदा, एका रविवारी, मी माझा फोन चार तास बंद ठेवतो आणि पत्नी ईमेल उघडणे, एका ग्राहकाला कळवणे, जीएसटी पोर्टलवर प्रवेश करणे आणि संयुक्त खात्यातून 500 रुपये काढणे ही चार कामे करून पाहते. मागच्या वेळी घरच्या हँडसेटची बॅटरी फुगलेली आढळली, ती दुसऱ्याच दिवशी सीताबर्डीतून बदलून आणली.